कोकणातल्या नव्या फ्लॅटची फरशी: व्हिट्रिफाइड, संगमरवर की पॉलिश केलेला दगड?

दुकानात फरशी निवडताना रंग, चकाकी आणि चौरस फुटाचा भाव या तीन गोष्टी बघितल्या जातात. रत्नागिरी, मालवण, दापोली किंवा अलिबागच्या पट्ट्यात फरशी बिघडते ती बहुधा दुसऱ्याच कारणांनी. हवेतला दमट ओलावा, खालच्या थरातून वर येणारं खारट पाणी, पायाबरोबर घरात येणारी वाळू आणि स्वयंपाकघरातलं आंबट, ही ती चार कारणं. म्हणून इथे तुलना या चार गोष्टींवरच केली आहे. पुढे एका दुसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेचा हिशोब मांडला आहे आणि काम कसं करून घ्यायचं तेही सांगितलं आहे.

आधी ओलावा ओळखा

मे अखेरीस आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यांत फरशीला पाणी सुटतं, तेव्हा बहुतेकांना वाटतं की खालून पाझर लागला. पण बऱ्याचदा ते पाणी हवेतलं असतं. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २८ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. रात्रभर एसी चाललेल्या बेडरूमची फरशी २५ अंशांवर आलेली असते. सकाळी खिडक्या उघडल्या की पाच मिनिटांत तिच्यावर पाण्याचा पातळ थर दिसतो. तळमजल्यावर जमिनीला टेकलेली फरशी तर एसीशिवायही घामेजते. हे तिन्ही प्रकारांत होतं, पण घोटलेल्या चकचकीत पृष्ठभागावर तो थर दिसत नाही आणि पाय घसरतो.

दव की पाझर हे ठरवायची चाचणी सोपी आहे. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. पाणी प्लास्टिकच्या वर आलं तर ते हवेतलं. खालच्या बाजूला थेंब धरले किंवा दगडाचा रंग गडद झाला, तर ओल खालच्या थरात आहे. हीच चाचणी नव्या संगमरवरावर, त्याची छिद्रं बंद करणारा सीलर लावण्याआधीही करायची असते. कशी, ते पुढे येईल.

दुसरा ओलावा खारट असतो. गवंड्याच्या मसाल्यातली वाळू खाडीतली असेल आणि गोड्या पाण्याने नीट धुतलेली नसेल, तर मीठ तिच्याबरोबर फरशीखाली जातं. ओल वर सरकते, पृष्ठभागावर येऊन सुकते आणि मीठ तिथेच उरतं. सांध्यांवर पांढरी भुकटी दिसते, त्याला आपण लोणा म्हणतो. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये पाणी जवळजवळ शिरत नाही, म्हणून तिथे लोणा फक्त सांध्यांतून बाहेर पडतो आणि त्यांत भरलेला ग्राउट खराब करतो. संगमरवराच्या सूक्ष्म छिद्रांतून मात्र तो आरपार येतो. मिठाचे स्फटिक छिद्रांतच वाढतात, वरचं पॉलिश खरबरीत होतं आणि पुढे बारीक खपल्या निघतात. पुन्हा पॉलिश केलं तरी सहा महिन्यांत तेच होतं, कारण मीठ खालीच असतं.

वाळू आली की एक वाटी वाळू दोन वाट्या पिण्याच्या पाण्यात ढवळा. वर निवळलेलं पाणी स्टीलच्या ताटलीत आटवा आणि तेवढंच नुसतं पाणी दुसऱ्या ताटलीत आटवा. पहिल्या ताटलीत स्पष्ट जास्त पांढरा थर उरला तर ती वाळू परत पाठवा. क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मिळत असेल, तर फरशीसाठी तीच बरी.

तीन पर्याय, याच कसोट्यांवर

व्हिट्रिफाइड टाइलचं पाणी शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. हाच तिचा मोठा गुण आहे आणि लावताना हीच तिची अडचणही होते, कारण सिमेंटचा साधा घोल तिला पकडू शकत नाही. बाजारात तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. डबल चार्ज टाइलमध्ये वरचा रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून ओरखडा पडला तरी खालून वेगळा रंग दिसत नाही. जीव्हीटी टाइलवर छापील नक्षी आणि तिच्यावर पातळ ग्लेझ असतं. ती दिसायला देखणी असते, संगमरवराची शीर हुबेहूब दाखवते, पण ग्लेझ झिजलं की ती घोटून नवी करता येत नाही. समुद्रकिनाऱ्याची वाळू बहुतांशी गारेची असते आणि गार ग्लेझपेक्षा कठीण असते. चकचकीत जीव्हीटीवर दाराजवळच्या दोन-तीन फुटांत वर्षभरात धूसर पट्टा दिसू लागतो तो यामुळेच. मॅट जीव्हीटीवर तोच ओरखडा सहसा नजरेत भरत नाही.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो मऊ असतो, आणि आम्ल लागलं की चकाकी जाते. कोकमाचं आगळ, सोलकढी, लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर यांपैकी काहीही सांडून दहा-पंधरा मिनिटं राहिलं तर तिथे पांढुरका, मंद डाग उरतो. लोक त्याला डाग समजून घासत राहतात. खरं तर तिथला दगडच विरघळलेला असतो. तो पुन्हा घोटल्याशिवाय जात नाही. खोबरेल तेल वेगळं वागतं. ते आत मुरतं आणि गडद ठिपका पडतो. पांढऱ्या संगमरवरात लोहाचा अंश असेल आणि खाली सतत ओल असेल, तर काही वर्षांत पिवळी झाक येते. असा पिवळेपणा वरून घोटून जात नाही. याउलट ओल नसलेल्या, नीट घातलेल्या संगमरवराला पुन्हा पुन्हा घोटून नवा करता येतो, आणि हे टाइलला कधीच जमणार नाही.

पॉलिश केलेल्या दगडात ग्रॅनाइट आणि कोटा हे दोन अगदी वेगळे दगड एकाच नावाखाली विकले जातात. ग्रॅनाइट कठीण असतो, वाळूला आणि घरगुती आंबटाला दाद देत नाही. कोटा हा राजस्थानातला चुनखडीचा दगड आहे, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने तो संगमरवराचाच भाऊ. शहाबादी आणि कडप्पा हेही चुनखडीच. दगड आहे म्हणजे त्याला काही होत नाही, असं समजून कोट्यावर ॲसिड ओतलं जातं आणि तो फिका पडतो. काळा ग्रॅनाइट म्हणून कडप्पा तर दिला जात नाही ना, हे बघायला एका कोपऱ्यावर लिंबाचे चार थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. चकाकी गेली तर तो ग्रॅनाइट नाही. काळा रंग चढवलेला आहे का, ते पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन चोळलं की कळतं. फडकं काळं झालं तर तो तुकडा नको.

कोट्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. जांभ्याच्या तांबड्या मातीची पावलं त्याच्यावर कमी उठून दिसतात, आणि जाडी पंचवीस मिलिमीटर असल्याने तो अनेक वेळा घोटता येतो. ज्या घरात आंबे, नारळ, मासे यांची सतत ने-आण असते, त्या घराच्या गॅलरीत आणि मागच्या बाजूला न घोटलेला कोटा अजूनही उत्तम.

एक उदाहरण: दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके

हॉल १० बाय १६ फूट, स्वयंपाकघर ८ बाय ९, बेडरूम १० बाय ११ आणि १० बाय १२, पॅसेज ३ बाय १२. एकूण ४९८ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. बाथरूम आणि गॅलरी वेगळी धरायची. बिल्डरने स्लॅब मोकळी दिली आहे असं समजू.

सर्वात आधी वजन आणि उंची. दहा मिलिमीटर टाइल, तिचा ॲडेसिव्ह आणि खाली पंचवीस मिलिमीटर मसाला मिळून चौरस मीटरला सुमारे ८० किलो होतात. अठरा मिलिमीटर संगमरवर आणि वीस मिलिमीटर मसाला सुमारे ९० किलो. पंचवीस मिलिमीटर कोटा आणि वीस मिलिमीटर मसाला सुमारे ११०. फरक आहे, पण तो मोठा नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. स्लॅब एका बाजूला खाली असते आणि लेव्हल आणण्यासाठी गवंडी मसाल्याची जाडी शंभर मिलिमीटरपर्यंत नेतो. तेव्हा एकट्या मसाल्याचंच वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातं. म्हणून लेव्हल ट्यूबने किंवा लेझरने प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी उंची घेऊन भिंतीवर लिहून ठेवायची. कुठेही पन्नास मिलिमीटरपेक्षा जास्त भरावं लागणार असेल तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचारल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

दुसरी तपासणी उंबऱ्यांची. मुख्य दरवाजापाशी बाहेरच्या लॉबीची तयार पातळी किती आहे, ती पहिली नोंद. बाथरूमची तयार फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा किमान पंधरा मिलिमीटर खाली राहिली पाहिजे. कोटा घ्यायचं ठरवलं आणि दरवाजे टाइलच्या हिशोबाने बसवले, तर दरवाजे खालून कापावे लागतात.

या घरासाठी निवड अशी असावी. हॉल, बेडरूम, पॅसेज आणि स्वयंपाकघरात मॅट व्हिट्रिफाइड. सगळ्या उंबऱ्यांना, खिडक्यांच्या पट्ट्यांना आणि ओट्याला ग्रॅनाइट. गॅलरीत आर-११ प्रतीची खरबरीत टाइल किंवा न घोटलेला कोटा. संगमरवराची हौस असेल तर देवघराच्या चार-सहा चौरस फुटांत तो घालावा. तिथे वाळू येत नाही आणि वापर कमी असतो, मात्र तेलाच्या दिव्याखाली ताम्हण ठेवावं. पूर्ण हॉल संगमरवराचा करायला हरकत नाही, पण वाळू तपासलेली असेल, मसाला सुकायला वेळ असेल आणि काही वर्षांनी पॉलिशचा खर्च करायची तयारी असेल तरच. स्वयंपाकघरात संगमरवर नकोच.

आता माल. ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या टाइलच्या एका पेटीत सहसा दोन नग, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट येतात. ४९८ मध्ये आठ टक्के तूट धरली की ५३८ चौरस फूट, म्हणजे ३५ पेट्या. स्कर्टिंगची लांबी दरवाजे वजा करून सुमारे १७२ फूट. एका टाइलमधून चार-चार फुटांच्या पाच पट्ट्या निघतात, म्हणजे वीस फूट. नऊ टाइल लागतील, म्हणजे ५ पेट्या. पुढे एखादी टाइल फुटली तर तीच छटा मिळणार नाही, म्हणून २ पेट्या माळ्यावर ठेवायच्या. एकूण ४२. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवतानाच बघायचं. नंतर दुकानदार ऐकत नाही.

पंचवीस मिलिमीटर थरासाठी एकास चार प्रमाणाने सुमारे ९ पोती सिमेंट आणि अर्धा ब्रास वाळू लागेल. वीस किलोच्या ॲडेसिव्हच्या पोत्यात तीन मिलिमीटर थराने जेमतेम ४३ चौरस फूट होतात. टाइलच्या पाठीलाही हात फिरवायचा असल्याने १४ पोती मागवा.

टाइल लावण्याचं काम

माल आला की पाच-सहा टाइल उघडून दोन-दोन तोंडाला तोंड लावून ठेवा. वरची टाइल कोपऱ्यांवर डुगडुगली किंवा मध्ये फट दिसली तर तिला बाक आहे. लांब टाइलला थोडा बाक असतोच. म्हणूनच विटांसारखी अर्ध्यावर अर्धी अशी मांडणी करायची नाही. तशी केली की एकीचा फुगलेला मध्य शेजारणीच्या खाली गेलेल्या टोकाजवळ येतो आणि पायाला धार लागते. सरळ ओळ घ्या, किंवा फार तर एक तृतीयांश सरकवा.

स्लॅबवरचा प्लास्टरचा कचरा आणि रंगाचे थेंब खरवडून काढा, धुवा आणि ओल्या स्लॅबवर सिमेंटचा पातळ घोल झाडूने फिरवा. तो सुकायच्या आत मसाला टाकून लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने ओढा. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहता कामा नये. या थराला सात दिवस पाणी मारा आणि मग सुकू द्या. बहुतेक कंत्राटदार हा टप्पा गाळतात. ओल्या मसाल्यावर सिमेंटचा घोल ओतून टाइल ठोकून बसवली की एका दिवसात खोली होते, पण ठोकताना मसाला चारही बाजूंना सरकतो आणि टाइल मध्यभागी पोकळ राहते.

ॲडेसिव्ह भारतीय मानक १५४७७ मधला टाइप २ किंवा त्याच्या वरचा हवा. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी असतो. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच मोजून घालायचं, मिसळल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा ढवळायचं. कडक झालेल्या मालात पुन्हा पाणी घालू द्यायचं नाही. टाइलच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसा. राहिली तर ॲडेसिव्ह टाइलला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो. टाइल पाण्यात भिजवायची नाही. ती सवय जुन्या सिरॅमिकची आहे.

दातेरी थापीने जमिनीवर एकाच दिशेने रेघा ओढा, टाइलच्या पाठीवर सपाट पातळ थर द्या आणि टाइल रेघांना आडवी सरकवत दाबा. एका वेळी एक-दोन टाइलपुरताच माल पसरा. एप्रिल-मेच्या वाऱ्यात त्यावर पंधरा-वीस मिनिटांत साय धरते आणि मग पकड येत नाही. पहिल्या दोन-तीन टाइल मुद्दाम उचलून पाठ बघा. कोपऱ्यांसह जवळजवळ सगळीकडे माल लागलेला दिसला पाहिजे. ही पाहणी मालकाने स्वतः उभं राहून करावी, नंतर दिसत नाही.

सांधा दोन मिलिमीटर, स्पेसर लावूनच. बिनसांध्याची फरशी चांगली दिसते म्हणून टाइल टाइलला टेकवून लावतात. मग तापमानाने ताणली की तिला जागा राहत नाही आणि एखाद्या दुपारी मधली ओळ आवाज करून तंबूसारखी उठते. भिंतीपाशीही पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. त्या फटीत मसाला भरू द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मध्य ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक लगेच कळतो. पोकळ टाइल ग्राउटच्या आधीच काढून पुन्हा लावायची. ग्राउट स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये इपॉक्सीचा घ्या. सिमेंटचा ग्राउट पावसाळ्यात बुरशीने काळा पडतो. इपॉक्सी उकाड्यात लवकर कडक होतो, म्हणून थोडा थोडा कालवा आणि टाइलवरचा ओघळ लगेच पुसा. काम संपल्यावर कारागीर ॲसिडने फरशी धुतात. ते करू देऊ नका. ॲसिड सांधे खातं आणि ग्रॅनाइटच्या उंबऱ्याचंही नुकसान करू शकतं.

संगमरवर किंवा कोटा घालायचा असेल तर

पद्धत बदलते. खाली एकास चारचा वीस मिलिमीटर मसाला, आणि फिक्या संगमरवराखाली व्हाइट सिमेंटचाच घोल. राखाडी सिमेंट वापरलं की त्याची छाया वर दिसते. लाद्या आधी जमिनीवर कोरड्या मांडून शिरा जुळवा आणि मागे खडूने नंबर टाका. तूट पंधरा टक्क्यांपर्यंत धरा. लादी आडवी न ठेवता भिंतीला उभी ठेवा, नाहीतर मध्ये तडकते.

घातल्यावर लगेच पॉलिश नको. किमान दोन आठवडे द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. तोवर लाद्यांवर प्लास्टिक टाकून त्यावर पीओपीचा थर द्या. ओलं गोणपाट किंवा रंगीत पुठ्ठा टाकला की तपकिरी डाग उतरतात आणि ते आत मुरलेले असतात. पॉलिश रंगाच्या शेवटच्या हाताआधी, जाड दाण्याच्या दगडापासून बारीक दाण्याकडे टप्प्याटप्प्याने. एखादा टप्पा गाळला तर उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात. पॉलिशचा राडा बाथरूमच्या जाळीत सोडू देऊ नका. तो पाइपात बसून घट्ट होतो. बादल्यांत भरून खाली न्यायला लावा.

सीलर लावायच्या आधी तीच प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. खालून ओल दिसत असताना सीलर लावला तर पाणी आत कोंडतं आणि पांढरे ढग उठतात. कोकणात मे महिन्यात घातलेला संगमरवर जूनच्या आत पुरेसा सुकत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत सीलरसकट संपवावं. पावसात ताबा मिळाला आणि राहायला लगेच जायचं असेल, तर संगमरवराचा विचार सोडून टाइल लावणंच बरं. तेव्हाही वाळू झाकून ठेवलेली आणि कोरडी असली पाहिजे.